काउंटर लॅबच्या नोंदी: `=` आणि `<=` मुळे सर्किट कुठे बदलतं, कुठे बदलत नाही

५ ऑगस्ट २०२५

तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधला काउंटरचा प्रयोग नव्याने लिहायला घेतला आहे. जुन्या पत्रकात व्हेरिलॉगमध्ये ४-बिट काउंटर एकदा ब्लॉकिंग (`=`) आणि एकदा नॉनब्लॉकिंग (`<=`) असाइनमेंट वापरून लिहायचा, दोन्ही वेव्हफॉर्म वहीत चिकटवायचे आणि खाली फरक लिहायचा, असं होतं. पण या प्रयोगात फरक दिसतच नाही. मुलं दोन सारखीच चित्रं चिकटवतात आणि पाठ्यपुस्तकातलं वाक्य खाली उतरवतात.

आज दोन्ही रूपं योसिस या टूलमधून सिंथेसाइझ करून, म्हणजे कोडचं सर्किट करून पाहिली.

```verilog
always @(posedge clk)
  if (rst) q = 0;
  else     q = q + 1;
```

इथे `=` च्या जागी `<=` टाकलं तरी `stat` तेच दाखवतं: चार फ्लिपफ्लॉप आणि एक मिळवण्याचं लॉजिक. कारण साधं आहे. `=` लिहिलं की त्या ओळीतच `q` ची किंमत बदलते आणि पुढच्या ओळीला नवी किंमत मिळते. `<=` लिहिलं की उजवी बाजू आत्ता मोजली जाते, पण डावीकडे ठेवली जाते ती त्या क्लॉक एजला जागे झालेले सगळे `always` ब्लॉक वाचून झाल्यावर. म्हणजे फरक पडायचा तर लिहून झाल्यानंतर कुणीतरी ते व्हेरिएबल वाचलं पाहिजे. वरच्या ब्लॉकमध्ये `q` लिहिल्यानंतर वाचणारी ओळच नाही. नवी किंमत मिळो की जुनी, घ्यायला कुणी नाही.

वर्गात हे सांगताना मी पाट्यांचं उदाहरण देते. ओळीत बसलेल्या मुलांनी आधी शेजाऱ्याच्या पाटीवरचं वाचून लक्षात ठेवायचं आणि मग सगळ्यांनी एकदम आपापली पाटी पुसून लिहायची, हे नॉनब्लॉकिंग. पहिल्याने पुसून लिहिलं, दुसऱ्याने ते नवं वाचून लिहिलं, तिसऱ्याने त्याचं, हे ब्लॉकिंग. फ्लिपफ्लॉपची रांग पहिल्या पद्धतीने वागते, कारण सगळ्यांना एकच क्लॉक एज मिळतो आणि प्रत्येकजण एजच्या आधी आपल्या डी पिनवर जे होतं तेच घेतो.

तेव्हा ठरवलं की प्रयोगात एका व्हेरिएबलचा काउंटर नकोच. एकाने दुसऱ्याचं वाचलं पाहिजे. दोन सर्किट घ्यायची: एकक-दशकाचा दोन अंकी बीसीडी काउंटर आणि ४-बिट जॉन्सन काउंटर. लॅबमध्ये बेसिस ३ एफपीजीए बोर्ड आहेत, १०० मेगाहर्ट्झ क्लॉकचे. डोळ्यांना दिसेल असा सेकंदाला एक ठोका हवा म्हणून ० ते ९,९९,९९,९९९ मोजणारा २७ बिटांचा काउंटर आणि त्यातून एका क्लॉकपुरता वर जाणारा `tick`. क्लॉक भागून नवा क्लॉक करायचा नाही. सगळे फ्लिपफ्लॉप त्याच १०० मेगाहर्ट्झवर आणि `tick` हे फक्त एनेबल.

७ ऑगस्ट

बीसीडी काउंटरचं ब्लॉकिंग रूप. मुलांच्या जुन्या फाइलींमध्ये साधारण असंच सापडतं:

```verilog
always @(posedge clk)
  if (rst) begin
    u = 0;  t = 0;
  end else if (tick) begin
    u = (u == 9) ? 0 : u + 1;
    if (u == 9) t = (t == 9) ? 0 : t + 1;
  end
```

`u` म्हणजे एकक, `t` म्हणजे दशक. वाचताना अगदी बरोबर वाटतं: एकक नऊ झाला की दशक वाढव. बोर्डवर मात्र ०६, ०७, ०८ आणि मग थेट १९ दिसतं, त्यानंतर १०, ११, असं १८ पर्यंत, मग २९, मग २०. शेवटाला ९८ नंतर ०९ येतं आणि मग ००.

०८ असताना काय घडतं ते ओळीने पाहू. पहिल्या ओळीने `u` ला ९ केलं, तेही लगेच. दुसरी ओळ `u` वाचते तेव्हा तिला ९ मिळतो, म्हणून त्याच एजला `t` सुद्धा १ होतो. पुढच्या ठोक्याला `u` शून्य होतो, दुसऱ्या ओळीची अट खोटी, `t` एकवरच राहतो. म्हणून १९ च्या मागे १०. दोन्ही ओळींत `<=` ठेवलं की दुसऱ्या ओळीला जुना `u` दिसतो. ०८ असताना तिला ८ दिसतो आणि ती गप्प बसते. ०९ असताना ९ दिसतो आणि एकक शून्य होत असतानाच दशक वाढतं.

या चुकीची खोड अशी की ती बरीच लपून राहते. पूर्ण फेरी १०० ठोक्यांचीच राहते. दशकाचा प्रत्येक अंक बरोबर दहा ठोके टिकतो. कुणी फक्त दशकाचं एलईडी पाहिलं, किंवा शंभर ठोक्यांनी पुन्हा शून्य येतं का एवढंच तपासलं, तर सर्किट पास होईल. दहातला एकच आकडा खोटा असतो आणि सेकंदाला एक ठोका असल्यावर मुलं तेवढ्यात वहीकडे बघत असतात. म्हणून टेस्टबेंचमध्ये प्रत्येक ठोक्याला तपासणी हवी, ती १४ तारखेच्या बैठकीत करू.

आता हार्डवेअर. बोर्डसाठी वापरतो त्या व्हिवाडो टूलमध्ये सिंथेसिसच्या आधीचं, म्हणजे एलॅबोरेटेड डिझाइनचं चित्र उघडलं तर फरक तारेत दिसतो. `<=` असताना दशक वाढवायचा की नाही हे ठरवणाऱ्या कंपॅरेटरची तार `u` च्या फ्लिपफ्लॉपच्या क्यू पिनवरून निघते. `=` असताना तीच तार फ्लिपफ्लॉपच्या अलीकडून, डी पिनकडे जाणाऱ्या लॉजिकमधून निघते. ‘तुलना कुठे जोडली आहे?’ एवढाच प्रश्न आहे. क्यूला जोडली तर ती आत्ताचा अंक पाहते, डीला जोडली तर पुढच्या ठोक्याला येणारा अंक पाहते.

सिंथेसिस झाल्यावर मात्र हे चित्र ओळखू येत नाही. पुढचा `u` नऊ असणं म्हणजेच आत्ताचा `u` आठ असणं, आणि टूल हे शोधून काढतं. मिळवणी, निवड आणि तुलना सगळं चार बिटांचं फल, बोर्डवरच्या आर्टिक्स-७ चिपच्या सहा इनपुटच्या एका लुक-अप टेबलात सहज मावणारं. उरतो तो ‘आठ आहे का’ हा कंपॅरेटर. फ्लिपफ्लॉप दोन्हीकडे आठच. त्यामुळे वापरलेल्या साधनांचा तक्ता पाहून चूक सापडणार नाही, हे पत्रकात ठळक लिहायचं आहे. मुलं तक्ता पाहून ‘हार्डवेअर सेमच आहे’ म्हणतात. आकडे सारखे, जोडणी वेगळी.

रुंद काउंटरला हे असं आटोपत नाही. ३२ बिटांचा काउंटर ब्लॉकिंगने वाढवून पुढच्याच ओळीत कुठल्यातरी बदलत्या मर्यादेशी ताडून पाहिला, तर कॅरीची पूर्ण साखळी आणि तिच्यामागे तुलना अशी लांब वाट एकाच क्लॉकमध्ये पार करावी लागते. तिथे आकडा एक ठोका आधी येतो आणि शिवाय टायमिंग रिपोर्टमधला स्लॅकही खाल्ला जातो.

१२ ऑगस्ट

प्रयोगाची चाचणी म्हणून एका बॅचकडून करून घेतलं. एका मुलीने एकक आणि दशक वेगवेगळ्या `always` ब्लॉकमध्ये लिहिले, दोन्हीकडे `=` ठेवून:

```verilog
always @(posedge clk)
  if (rst) u = 0;
  else if (tick) u = (u == 9) ? 0 : u + 1;

always @(posedge clk)
  if (rst) t = 0;
  else if (tick && u == 9) t = (t == 9) ? 0 : t + 1;
```

बोर्डवर ०८, ०९, १०. अगदी बरोबर. “मॅडम, मग ब्लॉकिंग चालतं की!” बाजूच्या टेबलावरच्यांनीही लगेच तसं करायला घेतलं. इथे थांबून सगळ्यांना फळ्याजवळ बोलावलं, कारण विषयाचा गाभा हाच आहे.

सिंथेसिस टूल एकेक `always` ब्लॉक वेगळा वाचतं. ब्लॉकच्या आत ओळींचा क्रम पाळतं, पण ब्लॉक संपला की त्यात क्लॉकवर लिहिलेलं व्हेरिएबल म्हणजे फ्लिपफ्लॉप. दुसऱ्या ब्लॉकने ते वाचलं तर त्याला क्यूचीच तार मिळते, बाकी काही मिळायला मार्गच नाही. म्हणून बोर्ड बरोबर चालला.

सिम्युलेटरचं तसं नाही. त्याच्याकडे दोन ब्लॉक एकाच एजला जागे झाले आहेत आणि त्यातला आधी कुठला चालवायचा हे व्हेरिलॉगच्या प्रमाणाने, आयईईई १३६४ ने, मुद्दाम मोकळं सोडलं आहे. दशकाचा ब्लॉक आधी चालला तर त्याला जुना एकक दिसतो आणि ०८, ०९, १० येतं. एककाचा आधी चालला तर दशकाला नवा एकक दिसतो आणि ०८, १९, १०. दोन्ही निकाल नियमात बसतात. सिम्युलेटर बदलला, त्याची आवृत्ती बदलली, फाइलीत ब्लॉक वर-खाली झाले, तर निकाल बदलू शकतो आणि टूलचा दोष काढता येत नाही.

हे तोंडी सांगून पटत नाही, कारण त्यांच्या टर्मिनलवर त्या क्षणी एकच निकाल येत होता. तेव्हा दशकाच्या ब्लॉकमध्ये `@(posedge clk)` च्या पुढे तात्पुरतं `#0` घातलं:

```verilog
always @(posedge clk) #0
  if (rst) t = 0;
  else if (tick && u == 9) t = (t == 9) ? 0 : t + 1;
```

`#0` ने वेळ पुढे जात नाही, पण हा ब्लॉक त्या क्षणाच्या रांगेत मागे जातो: आधी चालू घटना, मग `#0` वाल्या, आणि त्या सगळ्या संपल्यावर नॉनब्लॉकिंगची साठवलेली असाइनमेंट. म्हणजे एकक हमखास आधी चालणार. आयकारस सिम्युलेटरमध्ये चालवलं आणि ०८ च्या मागे १९ आलं. तोच कोड, तोच बोर्ड बरोबर, सिम्युलेशन चूक.

मग `#0` तसंच ठेवून दोन्ही ब्लॉकमध्ये `=` चं `<=` केलं. पुन्हा ०८, ०९, १०. दशकाचा ब्लॉक मागे ढकलूनही काही बिघडलं नाही, कारण `u` ची नवी किंमत `#0` च्याही नंतर बसते. नॉनब्लॉकिंगमुळे ब्लॉकच्या क्रमाचा प्रश्नच उरत नाही, हे इथे डोळ्यांनी दिसतं. `#0` लगेच काढून टाकायला लावलं. डिझाइनमध्ये त्याला जागा नाही, ते फक्त लपलेला क्रम उघडा करण्यापुरतं.

बॅच गेल्यावर पत्रकात लिहिलं: एकाच ब्लॉकात ब्लॉकिंगची चूक केली तर सिम्युलेशन आणि बोर्ड दोघेही एकच चुकीचं उत्तर देतात. वेगळ्या ब्लॉकांत केली तर बोर्ड बरोबर असतो आणि सिम्युलेशनचा भरवसा जातो. माझ्या मते दुसरी जास्त वाईट. पहिली निदान टेस्टबेंचला सापडते. दुसरीमुळे मुलांना सिम्युलेशन न करता थेट बोर्डवर टाकायची सवय लागते, आणि ती सवय पुढे मोठ्या डिझाइनमध्ये फार महाग पडते.

१४ ऑगस्ट

टेस्टबेंच. `tick` कायम १ ठेवला, म्हणजे प्रत्येक क्लॉकला एक ठोका. दहा कोटी क्लॉक थांबायची गरज नाही. `rst` खाली उतरत्या एजला बदलतो, म्हणजे टेस्टबेंच आणि डिझाइन यांच्यात तीच शर्यत लागत नाही. तपासणीही खाली उतरत्या एजलाच, रिसेट सुटल्यानंतर:

```verilog
always @(negedge clk)
  if (rst) n = 0;
  else begin
    n = (n + 1) % 100;
    if (10*t + u !== n)
      $display("%0t: n=%0d t=%0d u=%0d", $time, n, t, u);
  end
```

`rst` सोडताना त्याच एजला हा ब्लॉकही जागा होतो, म्हणून `rst` ला `<=` ने सोडलं आहे. त्या एजला तपासणीला जुना `rst` दिसतो आणि `n` शून्यापासून डिझाइनबरोबर निघतो. `n` ला इथे `=` आहे तो जाणूनबुजून: त्याच ब्लॉकच्या पुढच्या ओळीला नवीच किंमत हवी आहे आणि बाहेर `n` कुणी वाचत नाही. ७ तारखेचं रूप यातून गेलं की शंभर ठोक्यांच्या फेरीत दहा तक्रारी छापल्या जातात: ९, १९, २९, असं ९९ पर्यंत.

आणखी एक गोष्ट पत्रकात घालायला हवी. बरोबर लिहिलेला `<=` कोड मुलं पुन्हा `=` करतात, आणि त्याचं कारण बहुधा `$display` असतं. `u <= u + 1;` च्या खालच्याच ओळीत `$display` टाकलं की ते जुना `u` छापतं. मुलाला वाटतं वाढलंच नाही. `=` केलं की छापलेला आकडा ‘सुधारतो’ आणि सर्किट बिघडतं. त्या जागी `$strobe` वापरायचं. ते त्या क्षणाच्या शेवटी, नॉनब्लॉकिंगच्या किमती बसल्यावर छापतं.

१९ ऑगस्ट

जॉन्सन काउंटर. चार फ्लिपफ्लॉपची रांग, शेवटच्याचं उलट पहिल्याला. रिसेटनंतर `q0 q1 q2 q3` या क्रमाने ००००, १०००, ११००, १११०, ११११, ०१११, ००११, ०००१ आणि परत ००००, आठ अवस्था.

```verilog
q0 = ~q3;
q1 = q0;
q2 = q1;
q3 = q2;
```

ब्लॉकिंगने असं लिहिलं की पहिल्या ओळीचा निकाल खालच्या तिन्ही ओळींतून एकाच एजला वाहत जातो. चौघांच्याही डी पिनवर एकच गोष्ट येते, जुन्या `q3` चं उलट. योसिसच्या `synth` नंतर `stat` मध्ये एकच फ्लिपफ्लॉप आणि एक इन्व्हर्टर उरतो, कारण चारही फ्लिपफ्लॉप तंतोतंत सारखे असल्याने टूल ते एकत्र करतं. बोर्डवर चारही एलईडी एकदम लागतात, एकदम विझतात. इथे मात्र साधनांचा तक्ताच ओरडून सांगतो. चार लिहिले आणि एक मिळाला.

यावर मुलांचा ठरलेला उपाय असतो ओळी उलट्या लिहिण्याचा. शिफ्ट रजिस्टरमध्ये तो चालतो, म्हणून सगळीकडे चालेल असं वाटतं:

```verilog
q3 = q2;
q2 = q1;
q1 = q0;
q0 = ~q3;
```

पहिल्या तीन ओळी ठीक, प्रत्येकाला जुनी किंमत मिळते. पण चौथी ओळ `q3` वाचते आणि `q3` पहिल्याच ओळीत बदलला आहे. तिथे आता जुना `q2` आहे. म्हणजे `q0` च्या डी पिनला `q3` चं नाही, `q2` चं उलट जोडलं गेलं. तीन फ्लिपफ्लॉपचा जॉन्सन काउंटर झाला आणि `q3` नुसता `q2` च्या मागे एक ठोका उशिराने चालणारा, लूपच्या बाहेरचा फ्लिपफ्लॉप.

ठोके मोजून पाहा: ००००, १०००, ११००, १११०, ०१११, ००११, ०००१, आणि परत १०००. ११११ कधीच येत नाही. ०००० फक्त रिसेटला दिसतं, पुन्हा नाही. आठऐवजी सहाचा काउंटर. फ्लिपफ्लॉप मोजले तर चार, एलईडीवर उजेड सरकताना दिसतो, चाल जवळजवळ बरोबर. एकच फ्लिपफ्लॉप उरलेल्या पहिल्या रूपापेक्षा हे रूप जास्त धोक्याचं, आणि आतापर्यंत पाहिलेल्या प्रयोगांतलं मला सर्वात शिकवणारं वाटतं. म्हणून पत्रकात मध्यभागी तेच ठेवलं आहे.

ओळींचा तिसरा कुठला क्रम चालेल का, असं एका मुलाने विचारलं. चालणार नाही. `q3` ला `q2` हवा, `q2` ला `q1`, `q1` ला `q0`, आणि `q0` ला पुन्हा `q3`. वर्तुळ आहे, म्हणून कुठूनही सुरुवात केली तरी निदान एका ओळीला आधीच बदललेली किंमत मिळतेच. ब्लॉकिंगनेच करायचं तर `~q3` आधी एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवायला लागतं आणि शेवटी ते `q0` ला द्यायला लागतं. ते चालतं, आणि त्या व्हेरिएबलला फ्लिपफ्लॉप लागत नाही, कारण दर एजला ते वाचण्याआधी लिहिलं जातं. पण चार `<=` लिहिले की क्रमच विचारात घ्यायला नको. ओळी कशाही लावा, सर्किट तेच.

२१ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधी पत्रक पक्कं करायचं होतं, ते झालं. शेवटी नियम असे ठेवले: क्लॉकवर लिहिलेलं आणि दुसऱ्या कुणी वाचायचं असं प्रत्येक व्हेरिएबल `<=` ने. `always @*` मध्ये `=`. एकाच व्हेरिएबलला दोन्ही प्रकार कधीही नाही. क्लॉकच्या ब्लॉकमध्ये तात्पुरत्या गणितासाठी `=` चालतं, पण ते व्हेरिएबल ब्लॉकच्या बाहेर वाचायचं नाही. हा शेवटचा अपवाद पहिल्या सत्रात सांगणार नाही. जॉन्सनचा प्रयोग झाल्यावरच त्याचा अर्थ लागतो.

सिंथेसिसच्या आधी एक पायरी वाढवली:

```
verilator --lint-only -Wall bcd2.v
```

क्लॉकच्या ब्लॉकमध्ये `=` दिसलं की व्हेरिलेटर `BLKSEQ` अशी ताकीद देतो. वरच्या अपवादातल्या तात्पुरत्या व्हेरिएबललाही तो टोकतो, तेव्हा ती ताकीद का चालेल हे मुलांनी कोडमध्ये शेजारी लिहायचं. काहींनी विचारलं की सिस्टमव्हेरिलॉगचं `always_ff` वापरलं तर हे आपोआप सुटेल का. सुटणार नाही; `always_ff` मध्येही `=` लिहायला बंदी नाही.

तोंडी परीक्षेसाठी व्याख्येचा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी तीन-चार ओळींचा `always` ब्लॉक द्यायचा आणि प्रत्येक फ्लिपफ्लॉपच्या डी पिनला कुठली तार येते ते कागदावर काढायला सांगायचं. पुढच्या बॅचसाठी वर-खाली मोजणारा बीसीडी काउंटर घालते आहे: खाली मोजताना दशक उसनं द्यायची अट `u == 0` वर येते, आणि ब्लॉकिंगने लिहिलं तर २१ नंतर १० दिसतं, मग १९.